मलेरियाच्या किटवर एकच रेघ आली, तरी ताप मलेरियाचा असू शकतो

पावसाळा लागला की गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत थंडीतापाचे रुग्ण वाढतात. गावात आशाताई बोटाला टोचून रक्त घेतात, प्लास्टिकच्या छोट्या किटवर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सांगतात, मलेरिया आहे की नाही. दवाखाना दूर असलेल्या गावात ही मोठी सोय आहे. पण ‘निगेटिव्ह’ ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि चार दिवसांनी बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणावा लागतो, असंही होऊ शकतं. ते का, हे किटच्या आत काय घडतं ते पाहिलं की कळतं.

किटच्या आत कागदासारखी दिसणारी एक पातळ पट्टी असते. दिव्याची वात तेल ओढते तसं ही पट्टी द्रव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढून नेते. एका खाचेत रक्त टाकायचं, दुसरीत बाटलीतलं द्रावण. द्रावणामुळे रक्तपेशी फुटतात आणि मलेरियाच्या जंतूने तयार केलेली प्रथिनं मोकळी होतात. चाचणी जंतूला शोधत नाही, या प्रथिनांना शोधते. त्यांनाच अँटिजेन म्हणतात.

वाटेत पट्टीवर सोन्याचे अतिशय बारीक कण वाळवून ठेवलेले असतात. हो, सोन्याचेच. इतक्या बारीक आकारात सोनं पिवळं दिसत नाही, लालसर-जांभळं दिसतं. या कणांवर अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. मलेरियाचं प्रथिन भेटलं की त्या ते पकडतात, आणि सगळा लवाजमा पुढे सरकतो.

तीन रेघा, तीन अर्थ

आपल्याकडे वापरात असलेल्या किटवर साधारण तीन रेघांची जागा असते. कोणती रेघ कुठे, हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून किटवर छापलेली अक्षरं बघावी लागतात.

‘पीएफ’ म्हणजे फाल्सिपेरम, मेंदूपर्यंत जाणारा धोकादायक मलेरिया. या जागी पट्टीवर न दिसणाऱ्या अँटिबॉडी रेघेच्या आकारात बसवलेल्या असतात. फाल्सिपेरमचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन घेऊन आलेले सोन्याचे कण इथे अडकतात. पुरेसे कण अडकले की रेघ उमटते. ‘पीव्ही’ म्हणजे व्हायव्हॅक्स. त्याच्यासाठी दुसरं प्रथिन, पीएलडीएच. फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्हच. ‘पुसट आहे, जाऊ दे’ असं चालत नाही.

तिसरी रेघ ‘सी’, म्हणजे कंट्रोल. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. ही रेघ आली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती मलेरियाचं प्रथिन पकडतच नाही. तिथवर पोहोचलेले सोन्याचे कण ती थेट पकडते. म्हणजे द्रव वाहत आला आणि कण जिवंत आहेत, एवढंच ती सांगते. रक्त टाकायचं विसरून नुसतं द्रावण टाकलं, तरी बहुतेक किटवर ‘सी’ रेघ छान उमटते. रक्त कमी पडलं, तरी उमटते. ‘सी’ आलीच नाही तर किट बाद आणि नवीन घ्यायचं, हे पक्कं. पण ती आली म्हणून निकालाची हमी मिळत नाही.

जंतू असून रेघ का येत नाही?

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रक्तात अजून जंतू थोडे असतात. किटला लागणारं रक्त फक्त ५ मायक्रोलिटर, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाचा साधारण दहावा भाग. चांगली रेघ दिसायला १ मायक्रोलिटर रक्तात अंदाजे १०० ते २०० जंतू असावे लागतात.

समजा, रस्त्याच्या कामावर बाहेरगावाहून आलेला एक मजूर आहे. त्याला आधी कधी मलेरिया झालेला नाही, त्यामुळे थोड्याच जंतूंनी त्याला ताप भरतो. मंगळवारी सकाळी आशाताईंनी तपासलं तेव्हा त्याच्या रक्तात १ मायक्रोलिटरला ४० फाल्सिपेरम जंतू होते. किटवर टाकलेल्या रक्तात झाले २००. रेघेसाठी ५०० ते १००० हवे होते. रेघ आली नाही. आशाताईंची चूक नाही, किटचीही नाही.

फाल्सिपेरमची एक फेरी साधारण ४८ तासांची असते. दर फेरीत जंतू दहापटीपर्यंत वाढू शकतात. म्हणजे गुरुवारी सकाळी ४०० आणि शनिवारी ४०००. गुरुवारी पुन्हा किट लावलं असतं तर रेघ स्पष्ट दिसली असती. पण मधल्या काळात पॅरासिटामॉलने ताप उतरला, मंगळवारचा ‘निगेटिव्ह’ डोक्यात होता, आणि माणूस कामावर गेला. शनिवारी तो उभाही राहू शकत नाही.

व्हायव्हॅक्समध्ये ही अडचण जास्त येते. तो फक्त कोवळ्या लाल पेशींत शिरतो, त्यामुळे रक्तात त्याची संख्या मुळातच कमी राहते.

दुसरं कारण साठवणीचं. बहुतेक किटच्या पाकिटावर ३० किंवा ४० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत किट राहिलं तर रेघेवरच्या अँटिबॉडी खराब होऊ शकतात. ‘सी’ रेघेवरची अँटिबॉडी वेगळी असते. ती शाबूत राहते, रेघ उमटते आणि खराब किट चांगलं वाटतं. पाकीट आधीच फोडून ठेवलं तर पावसाळी ओल हेच काम करते. पट्टी ओल पटकन धरते, म्हणून पाकीट रक्त घ्यायच्या वेळीच फोडायचं.

हाताच्या चुकाही होतात. रक्त आणि द्रावणाच्या खाचा उलट होतात, थेंब कमी-जास्त पडतात, पाच मिनिटांतच निकाल वाचला जातो. रक्त जास्त पडलं तर पट्टी लालभडक राहते आणि त्यात फिकट रेघ हरवते.

एक कारण उलटंच आहे, क्वचित घडणारं. एचआरपी-२ अतोनात असेल तर कणांवरच्या आणि रेघेवरच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या भरून जातात, त्यांना जोडणारा दुवा तयार होत नाही आणि रेघ फिकट पडते किंवा येतच नाही. असा रुग्ण अत्यवस्थ दिसतो आणि किट शांत असतं. तेव्हा किटपेक्षा रुग्णाकडे बघायचं.

आणि काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये एचआरपी-२ तयार करणारं जनुकच नसतं. एचआरपी-२ शोधणाऱ्या किटला ते दिसणं अवघड. आफ्रिकेतल्या इरिट्रियात असे जंतू इतके आढळले की २०१६ मध्ये किट बदलावं लागलं. भारतातही ते सापडले आहेत, पण प्रमाण कमी आहे.

निगेटिव्ह आल्यावर

थंडी वाजून ताप येत असेल आणि किट निगेटिव्ह असेल, तर त्याच दिवशी काचपट्टीवर रक्तनमुना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायला सांगावं. अनुभवी तंत्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली किटला न दिसणारे थोडे जंतूही दिसू शकतात, आणि एचआरपी-२ नसल्याने तिथे फरक पडत नाही. ताप गेला नाही किंवा परत आला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणी करून घ्यावी. ग्लानी, झटके, सारख्या उलट्या, काळसर लघवी किंवा डोळे पिवळे, यांपैकी काहीही दिसलं तर किट काय म्हणतं ते न बघता थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

औषध पूर्ण झाल्यावर ‘बरा झालो का’ हे बघायला मात्र हे किट लावू नये. जंतू मेल्यानंतरही एचआरपी-२ काही आठवडे रक्तात राहतं आणि ‘पीएफ’ची रेघ येत राहते.