मुलाखतीची तयारी : आधी तीन गोष्टी

‘बँकेत मुलाखत आहे, तयारी कशी करू?’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही. बसस्थानकावर गावाचे नाव न सांगता ‘गाडी कधी आहे?’ असे विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे. मुलाखतीची तयारी म्हणजे ठराविक प्रश्नोत्तरांचे पाठांतर, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती पद, टप्पा आणि अनुभव या तीन गोष्टींवर ठरते.

पदावरून विषय ठरतो. कर्ज विभागातील अधिकाऱ्याला ताळेबंद वाचता यावा लागतो, तर विक्री प्रतिनिधीला ग्राहकाशी बोलणे जमावे लागते. टप्प्यावरून खोली ठरते. मनुष्यबळ विभागाच्या पहिल्या फेरीत नोकरी बदलण्याचे कारण, अपेक्षित पगार आणि रुजू होण्याची तारीख विचारतात. विभागप्रमुखांच्या फेरीत कामातले बारकावे तपासले जातात.

अनुभवानुसार तोच प्रश्न वेगळे उत्तर मागतो. अनुत्पादक कर्ज (हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज) म्हणजे काय, याची व्याख्या नवख्या उमेदवाराला पुरते. पाच वर्षे काम केलेल्याने मात्र एखादे खाते थकण्याची चिन्हे कधी दिसली आणि वसुलीसाठी काय केले, हे सांगणे अपेक्षित असते.

म्हणून विचारणा अशी हवी : ‘खासगी बँकेत कर्ज अधिकाऱ्याचे पद, विभागप्रमुखांची दुसरी फेरी, सहकारी बँकेतील तीन वर्षांचा अनुभव.’ फेरी माहीत नसल्यास मुलाखतीचे पत्र पाठवणाऱ्याला ती विचारता येते.