निवृत्त शिक्षिका लिहू लागते तेव्हा

शांताबाई कृष्णाजी कांबळे 1981 साली शिक्षण खात्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी आपल्या आयुष्याची हकिकत लिहायला घेतली. 1983 मध्ये ती ‘पूर्वा’ या नियतकालिकातून क्रमशः येऊ लागली आणि 1986 मध्ये ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या नावानं तिचं पुस्तक झालं. तोवर त्यांची साठी उलटून गेली होती. निवृत्तीनंतर लेखणी हाती घेणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं लेखन घरच्या कपाटापलीकडे जात नाही. शांताबाईंचं का गेलं, आणि असं लेखन वाचकापर्यंत पोचतं तेव्हा त्याचं काय होतं, हे त्यांच्या उदाहरणावरून नीट पाहता येतं.

त्यांचा जन्म 1923 सालचा, सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याजवळच्या महूद गावचा. घर महारवाड्यातलं, गरिबीचं. लहानपणी त्यांना नाजा म्हणत. महार कुटुंबातली मुलगी शाळेत जाते हीच त्या काळात नवलाची गोष्ट होती. शिकून तिनं मास्तरीण व्हावं, तेही सवर्ण मुलांच्या समोर उभं राहून, हे तर गावाच्या कल्पनेबाहेरचं होतं. 1942 मध्ये शांताबाई सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका झाल्या. त्या काळी सातवीला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ची परीक्षा असे. ती पास झालं की मास्तरकीची नोकरी मिळू शकत असे. ट्रेनिंग पुढे सवडीनं व्हायचं, आणि ट्रेनिंग झालेल्या व न झालेल्या मास्तरांच्या पगारात फरक असायचा. शांताबाईंनी पुण्याला राहून दोन वर्षांचं ट्रेनिंग 1952 मध्ये पुरं केलं. 1957 पासून त्या जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. जत म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा दुष्काळी पट्टा. वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तपासायच्या, पट पाहायचा, शेरेबुकात शेरा मारायचा आणि पुढच्या शाळेची वाट धरायची, असं हे विस्तार अधिकाऱ्याचं काम.

या नोकरीचा लेखनाशी फार जवळचा संबंध आहे. शिक्षकाचा हात आयुष्यभर लिहीत असतो, पण ते लेखन ठरावीक साच्यांतलं असतं: फळ्यावरचा सुविचार, टाचणवही, निकालपत्रक, शेरेबुकातल्या चार ओळी. या सगळ्यात ‘मी’ कुठेच नसतो. शेरेबुकात आपण ‘शाळेस भेट दिली, पट समाधानकारक’ असं लिहितो. भेट द्यायला उन्हातून किती चाललो आणि वाटेत पाणी कोणी दिलं, हे तिथे लिहायचं नसतं. चार दशकं असं लिहिल्यावर माणूस आत्मकथन लिहायला बसतो तेव्हा हात त्याच वळणावर जातो. मग पहिलं प्रकरण जन्म आणि शिक्षण, दुसरं नोकरी, तिसरं बदल्या, पुढे वरिष्ठांची नावं, मिळालेले पुरस्कार आणि शेवटी निरोप समारंभ.

असं लेखन फसलं आहे हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. त्यातलं एखादं पान उचलून दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या वहीत ठेवून पाहावं. ते तिथे बिनतक्रार बसत असेल तर त्यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही उतरलेलं नाही. ‘1942 मध्ये मला शिक्षिकेची नोकरी लागली’ हे वाक्य खरं आहे, पण त्या साली नोकरी लागलेल्या कुठल्याही बाईला ते लिहिता येईल. आता त्याच वाक्याला एखाद्या वाचकानं प्रश्न विचारले असं समजा. परक्या गावात राहायला घर कोणी दिलं? पाणी कुठल्या विहिरीवरून आणलंत? सवर्णांच्या मुलांनी पाटी तपासायला हातात दिली की खाली ठेवली? पगार हातात कोणी ठेवला, आणि घरी तो कोणाकडे गेला? दलित शिक्षिकेच्या बाबतीत यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकेक प्रसंग असतो. ही उत्तरं पानावर आली की ते पान दुसऱ्या कुणाच्या वहीत बसत नाही.

शांताबाईंचं पुस्तक या कसोटीला उतरतं, कारण त्यांनी अहवाल लिहिलाच नाही. चित्तरकथी जसं एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगतो, तसे त्यांनी प्रसंग एकामागून एक मांडले आहेत. वाक्यं लहान, बोलल्यासारखी. विशेष म्हणजे शिक्षण खात्यात जन्म घालवलेल्या बाईनं पुस्तकाच्या नावातच ‘माज्या’ आणि ‘जल्माची’ असं लिहिलं. मुलांच्या वह्यांतले असेच शब्द तांबड्या शाईनं दुरुस्त करण्याचं काम त्या व्यवसायानं मास्तरांना लावलेलं. तरी स्वतःची गोष्ट सांगताना त्यांनी महूदची बोली धरली. माझ्या मते त्यांच्या लेखनातला सगळ्यात धीट निर्णय हा आहे. छापील मराठीत तीच हकिकत लिहिली असती, तर आय आणि आप्पा हे दोघे शाळेच्या पुस्तकातले आई-वडील होऊन बसले असते. पुस्तक त्यांनी या आय-आप्पांनाच अर्पण केलं आहे.

लेखनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कुठल्या वाटेनं बाहेर आलं. क्रमशः छापण्याची पद्धत नव्या लेखकाला फार मानवते. सगळं पुस्तक एकदम पुरं करायचं ओझं राहत नाही, पुढच्या हप्त्यापुरतं लिहावं लागतं. आणि पुस्तक पुरं व्हायच्या आत वाचक भेटतो. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात पत्र येऊ शकतं, ओळखीचा माणूस बाजारात थांबवून बोलू शकतो, एखादा नातेवाईक रुसू शकतो. आपण लिहिलं ते कुणीतरी वाचलं, एवढं कळलं तरी पुढच्या हप्त्याचा सूर बदलतो. आता ते स्वतःशी बोलणं राहत नाही.

हा पहिला वाचक किती मोलाचा असतो ते बेबीताई कांबळे यांच्या उदाहरणावरून कळतं. त्या शिक्षिका नव्हत्या. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रं वाचत त्यांचं वाचन वाढलं. त्या घरच्यांच्या नकळत लिहीत राहिल्या आणि लिहिलेले कागद घरात दडवून ठेवत राहिल्या. हे वीसेक वर्षं चाललं. पुढे फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याशी बोलताना या कागदांचा विषय निघाला. त्यांनी ते वाचले आणि छापायला हवेत असा आग्रह धरला. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं. एक वाचक भेटला नसता तर मराठीतलं एक थोर पुस्तक कोनाड्यात वाळवीनं खाल्लं असतं.

शांताबाई आणि बेबीताई यांची पुस्तकं एकाच सुमाराला आली. त्यामुळे दलित स्त्रीचं पहिलं आत्मकथन कोणाचं, यावर चर्चा होते. पुष्कळ ठिकाणी तो मान शांताबाईंना दिलेला दिसतो. पण कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ 1981 मध्ये आलं होतं आणि मुक्ता सर्वगोड यांचं ‘मिटलेली कवाडे’ 1983 मध्ये. सलग आत्मचरित्र मोजायचं की आत्मपर लेखही धरायचे, छापील हप्ता मोजायचा की बांधलेलं पुस्तक, यावर उत्तर बदलतं. पाचएक वर्षांत चार स्त्रिया लिहू लागल्या आणि चौघींनाही छापणारं कुणीतरी मिळालं, हे मला क्रमांकापेक्षा अधिक मोलाचं वाटतं. 1978 मध्ये आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’नं वाट मोकळी केली होती. मात्र त्या वाटेनं आलेल्या पुस्तकांत घरातली बाई बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नजरेतून दिसत होती. आता ती स्वतः बोलू लागली.

सगळाच प्रतिसाद गोड नसतो, हेही सांगायला हवं. ‘झालं गेलं ते कशाला उकरून काढता?’ हा प्रश्न दलित आत्मकथनांना त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही विचारला गेला. शिकून, नोकरी धरून शहरात स्थिरावलेल्या माणसाला महारवाड्यातली उपासमार चारचौघांत वाचली जाणं लाजिरवाणं वाटू शकतं. ही कळ खोटी नाही. पण हाच प्रश्न लिहिणाऱ्याला आपली बाजू पक्की करायला लावतो. जे लिहिलं ते का लिहिलं याचं उत्तर त्याला स्वतःपुरतं तरी शोधावं लागतं.

शांताबाईंच्या लेखनाला पुढे मिळालेला प्रतिसाद मात्र दूरवर गेला. 1990 मध्ये मुंबई दूरदर्शनवर त्याच्या आधारे ‘नाजुका’ ही मालिका झाली. म्हणजे ज्या घरांत पुस्तक पोचलं नसतं, तिथेही महूदची नाजा पोचली. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात त्यातला काही भाग आला, फ्रेंचमध्ये अनुवाद झाला, आणि शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर 2006 मध्ये जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यात शांताबाईंना स्वतंत्र जागा मिळाली. 2023 च्या जानेवारीत, शंभरी पुरी व्हायला महिनाभर असताना, त्या गेल्या. साठीत सुरू केलेल्या लेखनाचे वाचक त्यांना पुढची चाळीस वर्षं भेटत राहिले.

अशा बाई आपल्याही ओळखीत असतात. त्यांनी लिहिलेली वही हातात आली तर ‘छान लिहिलंय’ एवढं म्हणून परत करू नका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, बोलीतला शब्द खोडू नका. वाचताना जिथे अडलात तिथे समासात प्रश्न लिहा: हे गाव कोणतं, हे साल कुठलं, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, तुम्ही काहीच का बोलला नाहीत. माणसांची आणि वाड्यावस्त्यांची नावं आजच विचारून घ्या, कारण ती सांगणारं दुसरं कुणी बहुधा उरलेलं नसतं. आणि वही आठवडाभरात परत द्या. पुढचं पान त्याच वहीत लिहायचं असतं.