सकाळी शौचाला लागलीच नाही, तर?

मैत्रिणींनो, मोहफुलं पडू लागली की नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत आपण पहाटेच टोपली घेऊन निघतो. निघायची घाई असते, शौचाला लागलेली नसते, मग आपण कुंथत बसतो. कुंथून मूळव्याध बळावते.

त्यापेक्षा उठल्यावर पेलाभर कोमट पाणी पिऊ, दोन घास खाऊ. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं. घरचं काम करत अर्धा तास वाट पाहू. कळ आली की लगेच जाऊ. नाही आली, तर एकदा बसून पाहू, पण पाचच मिनिटं. नाही झालं तर उठू आणि कामाला निघू.

फुलं वेचून आल्यावर पोटभर जेवू आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसू. मधेच कळ आली तर दाबायची नाही. थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि तो खडा होतो.

एखादा दिवस चुकला तर काळजी नको. पण रक्त पडलं तर डॉक्टरांना दाखवू. पोट फुगून दुखतंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठू.