धार बारीक, किडनी फुगलेली

सत्तरीच्या आसपासच्या पुरुषाच्या सोनोग्राफीच्या अहवालात शेवटी कधीकधी असं लिहिलेलं असतं: दोन्ही बाजूंना मध्यम हायड्रोनेफ्रोसिस, दोन्ही मूत्रवाहिन्या रुंदावलेल्या, प्रोस्टेट वाढलेली, लघवी करून आल्यावरही मूत्राशयात 900 मिली लघवी शिल्लक. घरी पोचेपर्यंत त्याचं एवढंच उरतं, की ‘किडनीला सूज आलीय.’ मग कुणी गोखरूचा काढा सुचवतं, कुणी पाणी भरपूर प्यायला सांगतं, कुणी थेट डायलिसिसची चौकशी करायला लागतं. खरं तर ही किडनी मुळात आजारी नसते. तिच्यात तयार झालेली लघवी खाली उतरत नाही, म्हणून ती फुगलेली असते, आणि अडचण तिच्यापासून वीतभर अंतरावर, मूत्राशयाच्या तोंडाशी असते.

अशा रुग्णांची एक नेहमीची गोष्ट घेऊ. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, वय 69. दवाखान्यात येतात ते लघवीसाठी नाही. जेवण जात नाही, थकवा आहे, पायांवर सूज आहे, रक्तदाब अलीकडे वाढलाय. लघवीचं विचारलं तर म्हणतात, “आता वयच झालं. धार बारीक आहे, पण होते. दुखत वगैरे काही नाही.” ते कपडे सावरत बाहेर गेले की मुलगा हळूच सांगतो, “डॉक्टर, अण्णा सांगणार नाहीत, पण चार महिने झाले, रात्री गादी ओली होते. आई रोज मेणकापड घालते.”

या आजारातली सगळ्यात मोलाची माहिती हीच. दिवसा धार बारीक आणि झोपेत नकळत लघवी, हे वयस्कर पुरुषात एकत्र दिसलं तर आधी तुंबलेलं मूत्राशय शोधायचं. जागेपणी लघवीचं दार आवळून धरणारे स्नायू झोपेत सैलावतात आणि काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातली लघवी पाझरते. घरच्यांना ते म्हातारपण वाटतं, अण्णांना लाज वाटते, आणि हे महिनोन्‌महिने तसंच चालू राहतं.

पोट तपासलं तर बेंबीखाली गोल, घट्ट फुगवटा हाताला लागतो. दाबलं तरी दुखत नाही. अचानक लघवी बंद पडलेला माणूस वेदनेने तळमळत येतो आणि त्याच रात्री त्याला नळी पडते. इथे मूत्राशय महिनोन्‌महिने हळूहळू ताणत गेलेलं असतं, त्यामुळे ते ओरडत नाही. दुखलं असतं तर हे गृहस्थ चार महिने आधीच आले असते.

आता किडनी का फुगते ते पाहू. मूत्राशय भरत असताना आतला दाब फारसा वाढत नाही, इतकी त्याची भिंत लवचीक असते. त्यामुळे मूत्रवाहिनी आपल्या आकुंचनाच्या लाटांनी थेंब थेंब लघवी त्यात सहज ढकलते. प्रोस्टेट वाढून बाहेरची वाट अरुंद झाली की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. जोर लावून त्याची भिंत जाड आणि कडक होते, आणि मग ते नुसतं भरलेलं असतानाही आतला दाब चढा राहतो. हा दाब साधारण 40 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका कायम राहू लागला की मूत्रवाहिनीची ताकद अपुरी पडते. लघवी वाहिनीत साठते, मग किडनीच्या आतल्या पोकळीत, आणि शेवटी किडनीचा काम करणारा बाहेरचा थर आतून दाबला जाऊन पातळ होऊ लागतो.

म्हणून शिल्लक लघवीच्या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. एखाद्याच्या मूत्राशयात दीड लिटर साठलेलं असतं, पण ते सैल आणि थुलथुलीत असतं, दाब कमी असतो, किडन्या ठणठणीत असतात. दुसऱ्याच्या मूत्राशयात पाचशे मिलीच असते, पण घट्ट दाबाखाली, आणि किडन्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात. दुसऱ्याला धोका जास्त. प्रोस्टेटच्या वजनाचंही तसंच आहे. चाळीस ग्रॅमची ग्रंथी वाट पूर्ण अडवू शकते आणि ऐंशी ग्रॅमची काहीच त्रास देत नाही. ‘प्रोस्टेट थोडीच वाढलीय’ या वाक्याने निर्धास्त होणारे लोक पाहिले की मला काळजी वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. पोटाच्या सोनोग्राफीआधी भरपूर पाणी पाजून लघवी रोखून धरायला सांगतात. इतक्या भरलेल्या मूत्राशयामुळे धडधाकट माणसाच्या किडनीतही थोडा फुगवटा दिसू शकतो. त्यामुळे लघवी करून आल्यावर किडनी पुन्हा पाहावी लागते. फुगवटा मावळला तर प्रश्न मिटला. तो फक्त एकाच बाजूला असेल, तर प्रोस्टेटला दोष देण्याआधी त्या बाजूचा खडा, मूत्रवाहिनीचा अडथळा किंवा मूत्राशयातली गाठ शोधायला हवी. प्रोस्टेट दोन्ही नळ्यांच्या खाली आहे, तिच्यामुळे साचलेलं पाणी सहसा दोन्हीकडे चढतं.

आपल्या अण्णांच्या रक्तात क्रिएटिनिन 4.8 निघालं, पोटॅशियम 5.9. प्रयोगशाळेच्या मर्यादेत क्रिएटिनिन साधारण 1.3 पर्यंत असतं. कागदावर हे किडनी निकामी होण्याचं चित्र आहे, आणि इथेच घरच्यांचे पाय गळतात. पण दोन्ही बाजू फुगलेल्या आणि मूत्राशय भरलेलं असताना पहिलं काम लघवीची नळी टाकण्याचं. पोटॅशियम वाढल्यामुळे आधी हृदयाचा आलेख काढायचा, गरज पडली तर ते उतरवणारी औषधं द्यायची, आणि नळी लगेच घालायची. डायलिसिसचा विचार, पोटॅशियम किंवा अंगातलं पाणी त्यानंतरही आवरत नसेल तरच.

नळीतून पहिल्या काही मिनिटांत 1100 मिली लघवी आली. हा आकडा लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, कारण पुढचे निर्णय त्यावर ठरतात. पूर्वी नळी मध्येमध्ये चिमटा लावून बंद करायचे, म्हणजे मूत्राशय एकदम रिकामं होऊन रक्त येऊ नये. हळू रिकामं केल्याने रक्त कमी येतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. लघवीला गुलाबी झाक येते, बहुतेक वेळा ती आपोआप निवळते. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवलं तर पिशवीतला लाल रंग पाहून पळापळ होत नाही.

खरी कसोटी पुढच्या दोन दिवसांची. अडथळा सुटल्यावर किडनी धो-धो लघवी तयार करू लागते. साचलेलं मीठ, युरिया आणि पाणी बाहेर पडत असतं आणि लघवी घट्ट करण्याची किडनीची क्षमता काही काळ मंदावलेली असते. लागोपाठ दोन तास तासाला 200 मिलीपेक्षा जास्त, किंवा चोवीस तासांत तीन लिटरपेक्षा जास्त लघवी झाली तर डॉक्टर सावध होतात. अण्णांना पहिल्या रात्री तासाला 350 मिली होत होती. पिशवी दर तासाला मोजायची, उभं करून रक्तदाब घ्यायचा, रोज वजन करायचं, सोडियम-पोटॅशियम दिवसातून दोनदा तपासायचं. शुद्धीवर असलेल्या, पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला तहानेप्रमाणे पिऊ द्यायचं, आणि सलाइन लागलंच तर बाहेर पडलेल्या लघवीच्या साधारण निम्मंच. जेवढी लघवी तेवढं सलाइन चढवत राहिलं तर किडनी ते बाहेर टाकत राहते आणि पूर ओसरत नाही. उलट हयगय झाली तर म्हातारा माणूस सकाळी उठताना चक्कर येऊन पडतो. ‘नळी टाकली, घरी न्या’ असं या रुग्णाच्या बाबतीत करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांचं क्रिएटिनिन 3.1, दोन आठवड्यांनी 1.9. सुरुवातीचा उतार भराभर होतो, नंतरची सुधारणा तीन महिन्यांपर्यंत सावकाश चालते. फुगवटाही पहिल्या आठवड्यात कमी दिसू लागतो. तो कमी झाला नाही, तर जाड झालेल्या मूत्राशयाच्या भिंतीतच वाहिनीचं तोंड दबलेलं आहे का, किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाने ती जागा वेढली आहे का, हे पाहावं लागतं. कधी पाठीतून थेट किडनीत नळी टाकावी लागते.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक. दोन आठवड्यांनी माणूस टवटवीत दिसतो, भूक लागते, पायांची सूज उतरते, आणि नळीची कटकट नकोशी होते. प्रोस्टेट सैल करणारी गोळी, बहुधा टॅम्सुलोसिन, सुरू करून ‘नळी काढून बघू’ असं ठरतं. लघवी होते, सगळे खूश होतात. पण दाब पूर्वीसारखाच चढतो, वेदना नसते, आणि दोन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा चारवर जातं. कमी दाबाच्या तुंबलेल्या मूत्राशयात असा प्रयोग करता येतो. किडनीला इजा झाली असेल तर शस्त्रक्रिया होईपर्यंत नळी राहिलेलीच बरी, किंवा सलग नळी सोसत नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायची पद्धत आहे. प्रोस्टेट आकसवणाऱ्या फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्यांना काम करायला सहाएक महिने लागतात. या किडनीकडे तेवढी सवड नसते.

क्रिएटिनिन काही आठवडे स्थिर राहिलं की दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया होते, टीयूआरपी. रक्तातला पीएसए नळी टाकल्यावर लगेच तपासू नये, कारण तुंबणं आणि नळी या दोन्हींमुळे तो खोटा वाढतो. ज्याच्या मूत्राशयाने उच्च दाब सोसला आहे, त्याचा स्नायू अजून ताकदवान असतो, म्हणून या रुग्णांची लघवी शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा चांगली सुटते. थुलथुलीत मूत्राशयवाल्याला तेवढी खात्री देता येत नाही.

अण्णांना टीयूआरपीनंतर तीन महिन्यांनी लघवीनंतर 60 मिली शिल्लक होती, क्रिएटिनिन 1.7 वर थांबलं. ते 1.1 होणार नाही. पातळ झालेला थर पुन्हा जाड होत नाही. म्हणून पुढे वर्षातून दोनदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायचा, गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या टाळायच्या, सर्दीची औषधं विचारून घ्यायची, कारण त्यांतली काही मूत्राशयाचं तोंड आवळतात. आणि रात्री गादी ओली दिसली, तर त्याच आठवड्यात लघवी करून आल्यावरची सोनोग्राफी करून घ्यायची, हे त्यांच्या बायकोला सांगून ठेवायचं.