दोन शिकारी आणि एक फोन

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी २००१ मध्ये इंटरनेटवरून जगभरचे विनोद मागवले आणि लोकांनाच त्यांना गुण द्यायला सांगितलं. सुमारे ४० हजार विनोद आले. २००२ मध्ये पहिला ठरला तो दोन शिकाऱ्यांचा.

दोघं जंगलात शिकारीला गेलेले असतात. एक जण अचानक कोसळतो, डोळे पांढरे, श्वास बंद. दुसरा घाबरून मदतकेंद्राला फोन लावतो, "माझा मित्र मेला हो! काय करू?" पलीकडचा माणूस शांतपणे सांगतो, "घाबरू नका. आधी तो मेलाय याची खात्री करून घ्या." क्षणभर शांतता. मग गोळीचा आवाज. शिकारी पुन्हा फोनवर येतो, "हं, झालं. आता पुढे?"

श्रोत्याला इथे कोणी खोटं सांगत नाही. 'खात्री करा' याचे दोन अर्थ निघतात: मेलाय का ते बघा, किंवा जिवंत राहणार नाही याची तजवीज करा. घाबरलेला मित्र, मदतीचा फोन आणि धीर देणारा आवाज ऐकल्यावर दुसरा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रस्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो. विनोदाचा मजकूर एकमेकांविरुद्ध अशा दोन प्रसंगचौकटींत बसतो आणि शेवटची कळ ऐकणाऱ्याला एकीतून दुसरीत ढकलते.

शब्द बदलून बघितले की हे लगेच पटतं. 'नाडी बघा' म्हटलं, तर गोळीला आधारच उरत नाही. शिकारी नुसताच वेडा ठरतो.

खरी कारागिरी मात्र 'शिकारी' या शब्दात आहे. त्यामुळे बंदूक पहिल्याच वाक्यात येऊन बसते, पण तिचं नावही निघत नाही. सांगणाऱ्याने उत्साहाच्या भरात "तो बंदूक सावरत फोनवर बोलू लागला" असं घातलं, की चाणाक्ष श्रोता सावध होतो आणि गोळीच्या आधीच हसू लागतो किंवा कंटाळतो. ती क्षणभराची शांतताही गाळून चालत नाही. तेवढ्या वेळात ऐकणारा मनात नाडी बघणारा शिकारी उभा करतो, आणि गोळी नेमकी त्या चित्रावर बसते.

या विनोदाचं मूळ पुढे वाइजमन यांना स्पाइक मिलिगन यांनी १९५१ मध्ये लिहिलेल्या एका प्रहसनात सापडलं. तिथे जंगल नाही, शिकारी नाहीत, फोनही नाही. गालिच्यावर कोणीतरी पडलेला दिसतो, एक जण दुसऱ्याला खात्री करायला सांगतो आणि गोळीबार ऐकू येतो. कळ तीच, पण तिथली बंदूक अचानक कुठून तरी उगवते. नंतरच्या रूपात ती आधीपासूनच हजर असते, आणि फोनमुळे सल्ला देणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. श्रोत्यालाही त्याच्याइतकंच कळतं, तेही निव्वळ आवाजावरून.