पॉडकास्टच्या पाहुण्याला काय लिहून पाठवावं?

दिंडोरी तालुक्यातल्या एका अनुभवी द्राक्ष बागायतदाराला पॉडकास्टवर बोलवायचं आहे, असं समजा. बोलावणारी मुलगी पुण्यात राहते. दोघांची आजवर भेट झालेली नाही. बहुतेक जण अशा वेळी लिहितात, ‘तुमच्याशी गप्पा मारायला आवडेल, तुम्हाला जमेल तेव्हा सांगा.’ वाचायला हे नम्र वाटतं, पण त्यात सगळं काम पाहुण्यावर ढकललेलं असतं. वेळ त्यानं शोधायची, किती वेळ लागेल ते त्यानं ओळखायचं आणि काय विचारतील याचा घोर त्यानंच करायचा. मग ‘कळवतो’ असं उत्तर येतं आणि पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा पहिल्याच निरोपात ठाम गोष्टी लिहिलेल्या बऱ्या. उदाहरणार्थ, असा निरोप जाऊ शकतो :

‘नमस्कार दादा. आम्ही शेतीतल्या अनुभवी माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ऐकवतो. द्राक्षबागेच्या वर्षभराच्या कामाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. फक्त आवाज घेणार, व्हिडिओ नाही. तुम्ही घरूनच बोलायचं. तीन वेळा सुचवते : मंगळवार १४ जुलै दुपारी २ वाजता, गुरुवार १६ जुलै संध्याकाळी ७ वाजता किंवा रविवार १९ जुलै सकाळी १० वाजता. यातली कुठली सोयीची, ते शुक्रवार १० जुलैपर्यंत कळवा. तोवर तिन्ही वेळा तुमच्यासाठी राखून ठेवते. एकही जमत नसेल तर तुमच्या सोयीचा वार सांगा. दीड तास मोकळा ठेवा. त्यातली पहिली पंधरा मिनिटं आवाज तपासायला, मग तासभर गप्पा. लोकांना त्यातला पाऊण तास ऐकवू.’

यातला जुलै महिना विचार करून घेतलेला आहे. नाशिककडची द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी पुढच्या हंगामाची काडी तयार करण्यासाठी असते आणि ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. ऑक्टोबरनंतर डाऊनीच्या भीतीनं फवारण्या, विरळणी, मण्यांची फुगवण करण्यासाठी घड बुडवणं, अशी कामं काढणीपर्यंत एकामागून एक येतात. नोव्हेंबरात ढग दाटून आले की बागायतदार ठरलेली मुलाखत सोडून फवारणीला जाणार, आणि त्यानं जायलाच हवं. जुलैतही बागेत काम असतं, पण तेव्हा दीड तास काढणं त्यामानानं सोपं. पाहुणा डॉक्टर असो वा शिक्षक, त्याच्या कामाचं वेळापत्रक आधी समजून घ्यावं आणि मगच तारखा सुचवाव्यात.

तिन्ही वेळा वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, हेही मुद्दाम. एकाच दिवशीचे दोन, तीन आणि चार वाजता असे पर्याय दिले, तर तो दिवस अडला की तिन्ही गेले. पाहुणा न्यू जर्सीतला मराठी माणूस असेल तर दोन्हीकडची वेळ लिहावी. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. अमेरिकेतली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात. आमंत्रण बदलाच्या आधी गेलं आणि ध्वनिमुद्रण नंतर असलं, की तासाचा घोळ होतो.

होकार आला की दुसरा निरोप जातो तो आवाजाच्या तयारीचा. पहिल्याच निरोपात ही जंत्री घातली तर माणूस बिचकतो. फोनवरचा आवाज तसाच मुद्रित केला तर रेंज कमी झाली की शब्द तुटतात, आणि तुटलेला शब्द नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट परत येत नाही. म्हणून बोलणं कॉलवर करायचं, पण प्रत्येकानं आपला आवाज आपल्याच जागी मुद्रित करायचा आणि नंतर दोन्ही फाइली जोडायच्या. चांगला संगणक असलेल्यांसाठी रिव्हरसाइडसारख्या सेवा हेच काम ब्राउझरमध्ये करतात. आपल्या बागायतदाराला मात्र घरातले दोन मोबाइल पुरे आहेत. एकावर कॉल, दुसऱ्यावर रेकॉर्डर. एकाच मोबाइलवर दोन्ही करू गेलं तर कॉल सुरू होताच रेकॉर्डर बहुधा थांबतो किंवा त्यात काहीच येत नाही.

कॉल वायरच्या इअरफोनवर घ्यायचा, म्हणजे मुलाखत घेणारीचा आवाज पाहुण्याच्या फाइलमध्ये शिरत नाही. रेकॉर्डरचा मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचा आणि त्याची खालची, माइकची बाजू तोंडाकडे करायची. अंतर वीतभर. सुरुवातीला एक-दोन-तीन म्हणून दोघांनीही आपापल्या रेकॉर्डरजवळ एकदमच जोरात एक टाळी वाजवायची. तो टोकदार आवाज दोन्ही फाइलींत दिसतो आणि त्यावरून त्या जुळवता येतात.

खोली कुठली निवडायची, याचीही परीक्षा टाळीनंच होते. फरशीच्या मोकळ्या हॉलमध्ये टाळीमागे घुमारा येतो. गाद्या, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेल्या झोपायच्या खोलीत तो विरतो. पंखा बंद ठेवायचा. जुलै आहे, तेव्हा पत्र्याखालची खोली नको. पावसाच्या ताशापुढे कुणाचाच आवाज टिकत नाही.

मग येतात विषय. इथे माझं मत ठाम आहे : प्रश्नांची पूर्ण यादी पाठवू नये. ती पाठवली की साधी माणसं उत्तरं वहीत लिहून ठेवतात आणि वाचून दाखवतात. पण काहीच न सांगणंही अन्यायाचं. चार-पाच विषय आणि फक्त पहिला प्रश्न कळवावा. आपल्या उदाहरणात पहिला प्रश्न असा : ‘तुम्ही लावलेली पहिली बाग कुठली, आणि ती कशी गेली?’ त्यानंतरचे विषय म्हणजे दोन छाटण्यांमधला काळ, अवकाळी पावसातली रात्र, मजुरांची जुळवाजुळव आणि निर्यात.

निर्यातीचा विषय आधी सांगायलाच हवा. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले, युरोपात माल अडकला आणि अनेक बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. अशा वर्षाबद्दल एखाद्याला खूप बोलायचं असेल, एखाद्याला मुळीच नसेल. मुलाखतीच्या मध्यात तो प्रश्न अचानक टाकला, तर माणूस गप्प होतो आणि पुढचा अर्धा तास जपून बोलतो. आधी कळलं तर तो जुन्या नोंदी काढतो, नेमकं काय घडलं ते आठवून सांगतो, किंवा सरळ म्हणतो की ते नको. म्हणून विषयांखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात : ‘कर्जाचे आणि उत्पन्नाचे आकडे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. बोलून झाल्यावर एखादी गोष्ट नको वाटली तर तीन दिवसांत कळवा, ती काढून टाकू.’ या दोन ओळींनी पाहुणा मोकळा होतो, आणि मोकळ्या माणसाला फारसं काही काढायला सांगावं लागत नाही.

आदल्या संध्याकाळी एक छोटा फोन करावा. दोन्ही मोबाइल चार्ज आहेत का, रेकॉर्डरच्या मोबाइलमध्ये जागा आहे का, आणि उद्या गावात दुरुस्तीसाठी वीज बंद आहे का, एवढंच विचारायचं. एका माणसाच्या आवाजाची तासाभराची कॉम्प्रेस न केलेली फाइल साधारण ३५० एमबीची होते, म्हणून एक जीबी मोकळी असली की चिंता नाही. ध्वनिमुद्रण संपल्यावर कॉल लगेच ठेवू नये. पाहुण्याला फाइल मधूनच लावून दहा सेकंद ऐकायला सांगावं. आवाज स्पष्ट असेल तर ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी. आवाज आला नसेल तर दुसऱ्या बैठकीची वेळ तिथल्या तिथे, कॉल ठेवायच्या आधी ठरवून घ्यावी.