काकांनी नुसतंच चिकटवलं, पुढे काय?

रात्री पावणेनऊला साताऱ्याच्या काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो. ना ‘कशी आहेस’, ना प्रश्न, नुसता चिकटवलेला मजकूर: ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आपला वीजपुरवठा आज रात्री 9.30 वाजता खंडित केला जाईल. त्वरित आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर. पुण्यातल्या पुतणीने आता काय समजायचं? काका विचारताहेत, सावध करताहेत, की बिल भरून टाक म्हणताहेत?

प्रसंग कल्पित असला तरी असा निरोप घरोघरी येतो. त्यावर सहज सुचणारी दोन उत्तरं असतात आणि दोन्ही कुचकामी. एक, ‘म्हणजे काय करू?’ काकांना ते नेमकं सांगता आलं असतं, तर त्यांनी लिहिलंच असतं. दुसरं, मजकूर वाचून त्याचाच सारांश परत ऐकवायचा. वीज जाणार असं लिहिलंय, हे काकांनीही वाचलेलं असतं.

तिसरी चूक मात्र महागात पडते. मजकुरात एक आज्ञा आहे: या नंबरावर संपर्क साधा. घाईत वाचणाऱ्याला ती काकांचीच सूचना वाटते आणि तो नंबर फिरवतो. आज्ञा आहे ती मूळ मजकूर लिहिणाऱ्याची. काकांनी अजून काहीच सांगितलेलं नाही. चिकटवलेल्या मजकुराला उत्तर देताना हे दोन आवाज वेगळे करणं हे पहिलं काम.

मग काकांना काय हवंय? मजकुराचा घाटच बरंच सांगून जातो. खाली पाठवणाऱ्याची स्वतःची सही असलेला अर्ज आला, तर बहुधा तो तपासून हवा असतो. रक्ततपासणीचे आकडे आले, तर अर्थ हवा असतो. (तिथे जरा जपून. पीडीएफमधून उचललेल्या तक्त्याचे रकाने मोडतात, आणि रुग्णाचा आकडा कुठला, सामान्य मर्यादा कुठली, याची सरमिसळ होते.) अनोळखी नंबर आणि घड्याळाची धमकी असेल, तर न विचारलेला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: हे खरं आहे का?

पुतणीचं उत्तर म्हणून असं असावं: ‘काका, हे खरं आहे का असं विचारताय असं धरते. मला हे खोटं वाटतंय, त्या नंबरावर फोन करू नका. आधीच केलात का?’ आपण काय गृहीत धरलं ते पहिल्याच वाक्यात आलं, त्यामुळे अंदाज चुकला तर काका लगेच सुधारतील. प्रश्न एकच, पण पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे तो. बाकीची चौकशी मागाहून.

खोटं का, तेही दोन वाक्यांत सांगता येतं. 2003च्या वीज कायद्यातल्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पाऊण तासाची मुदत त्यात बसत नाही. शिवाय महावितरणचे एसएमएस VM-MSEDCL यासारख्या नावाने येतात, कुणाच्या खासगी मोबाइलवरून नाही.

पण इथेच चिकटवण्याचा तोटा कळतो. कॉपी करताना फक्त शब्द येतात. पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ मागेच राहते. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तशी खूण असते, कॉपी करून चिकटवला की तीही जाते. त्यामुळे मजकूर काकांना आला की त्यांच्या मित्राला, आज आला की गेल्या महिन्यात, हे शब्दांवरून ठरत नाही. खात्री करायची तर मूळ निरोपाचा स्क्रीनशॉट मागावा आणि बिल भरलंय की नाही ते महावितरणच्या स्वतःच्या ॲपमध्ये पाहावं.

काका म्हणाले, ‘फोन केला होता, दहा रुपये भरायला आणि एक ॲप घ्यायला सांगितलं,’ तर उत्तराचा रोखच बदलतो. कायद्याचं कलम बाजूला राहू द्यावं. अशा ॲपमधून समोरच्याला काकांच्या फोनचा पडदा, म्हणजे ओटीपीसुद्धा, दिसू शकतो. आधी इंटरनेट बंद, ॲप काढून टाकायचं, बँकेला कळवायचं, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं, तरच ती गोठवता येण्याची शक्यता राहते.

आणि काकांना एक विनंती: पुढच्या वेळी मजकुराच्या वर ‘खरं आहे का गं?’ एवढं लिहायला विसरू नका.